पॉवरवॉशची घाई

क्रोमबुकच्या कोपऱ्यात वाय-फायचा पंखा पूर्ण भरलेला दिसतो, पण पान एकही उघडत नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: राउटर खराब झाला असेल, नाहीतर मशीन ‘पॉवरवॉश’ करून टाका. भामरागडसारख्या ठिकाणी यातला दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा जास्त महागात पडतो. पॉवरवॉशनंतर क्रोमबुक नव्या मशीनसारखे सुरू होते आणि खाते पुन्हा जोडायला त्याला इंटरनेटच लागते. तोवर जुना पासवर्ड ओळखून नेटशिवायही उघडणारे मशीन आता स्वागताच्या पडद्यापलीकडे जात नाही. म्हणजे जे नाही म्हणून हा उपाय केला, तेच असल्याशिवाय उपाय पुरा होत नाही.

यावर कोणी म्हणेल की क्रोमबुकमधले सगळे काही ड्राइव्हवर असते, मग गमवायचे काय? हे रोज नेट असणाऱ्या शहरापुरते बरेचसे खरे आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडहून आल्लापल्लीला जाणारा रस्ता बंद होतो आणि वीज व नेटवर्कचाही भरवसा राहत नाही. अशा दिवसांत ऑफलाइन लिहिलेला प्रकल्प किंवा भरलेला तक्ता ड्राइव्हवर पोहोचलेलाच नसतो. तो फक्त त्या मशीनमध्ये असतो, आणि ‘Downloads’मधल्या फायलींसोबत पॉवरवॉश तोही पुसून टाकतो. नेट जितके दिवस नसेल, तितके पुसले जाणारे काम जास्त.

आधी तो पंखा नेमके काय सांगतो ते पाहू. तो फक्त मशीन आणि राउटर यांच्यातल्या काही मीटरांबद्दल बोलतो. पुढची वाट उघडी आहे का हे ठरवण्यासाठी क्रोमबुक गुगलच्या एका पत्त्यावर छोटीशी विचारणा पाठवते. तिथून अपेक्षित कोरे उत्तर आले नाही, की जोडणी आहे पण इंटरनेट नाही, असा शेरा देते. राउटरपासून टॉवर, तार आणि दूरच्या सर्व्हरपर्यंत कुठेही अडथळा आला तरी शेरा तोच असतो.

म्हणून पहिली तपासणी मशीनबाहेरची. त्याच वाय-फायवर फोन जोडा, फोनचा मोबाइल डेटा आठवणीने बंद करा आणि एखादे पान उघडून पाहा. डेटा चालू राहिला तर फोन गुपचूप त्यावरून पान उघडतो आणि निष्कर्ष चुकतो. फोनलाही काही मिळाले नाही, तर क्रोमबुकच्या सेटिंग्जना हात लावू नका. मग 192.168.1.1 किंवा राउटरच्या मागे छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. राउटरचे पान उघडले तर निदान मशीन ते राउटर हा टप्पा शाबूत आहे, आणि संशय पुढच्या तारेवर जातो. फोनच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल, तर त्या फोनवरच पान उघडते का ते आधी पाहावे. दिवसाचा डेटा संपलेला असला तरी क्रोमबुक ‘जोडलेले’ असेच दाखवते.

फोन चालतो आणि क्रोमबुक नाही, अशी स्थिती असेल तरच मशीनकडे वळायचे. एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. तरीही तेच असेल तर `Ctrl+Alt+T` दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत हे दोन आदेश एकामागून एक द्या:

```
ping -c 4 8.8.8.8
ping -c 4 google.com
```

पहिल्याला उत्तर आले आणि दुसऱ्याला नाही, तर वाट उघडी आहे, फक्त नावावरून पत्ता शोधण्याचे काम अडले आहे. सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या नावावर जाऊन ‘Network’ उघडा आणि ‘Name servers’मध्ये कोणी हाताने आकडे भरले आहेत का ते पाहा. असतील तर ‘Automatic’ करा, आधीपासून तेच असेल तर ‘Google name servers’ निवडून पाहा. काही जाळी पिंग अडवतात, त्यामुळे दोन्हींना उत्तर नाही एवढ्यावरून वाट बंद असे पक्के म्हणता येत नाही.

दोन्हींना उत्तर येते तरी पाने उघडत नाहीत, हा प्रकार जास्त फसवा. समजा, पुरात वीज गेली, बॅटरी पार उतरली आणि मशीन कित्येक दिवस पडून राहिले. अशा वेळी त्याचे घड्याळ भरकटू शकते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. मशीनच्या हिशेबाने आज भलताच दिवस असेल तर ती अवैध ठरतात आणि पडद्यावर `NET::ERR_CERT_DATE_INVALID` दिसते. एरवी क्रोमबुक वेळ जाळ्यावरूनच घेते. ते जमले नसेल, तर सेटिंग्जमधल्या तारीख-वेळेच्या भागात ती हाताने भरण्याची सोय दिसते. राउटर बदलून हा दोष कधीच गेला नसता.

एवढे करूनही अडले, तर ते वाय-फाय ‘Forget’ करून पासवर्ड पुन्हा टाका आणि व्हीपीएन किंवा प्रॉक्सी चालू राहिली आहे का ते पाहा. शाळेने दिलेल्या मशीनवर यातल्या काही सेटिंग्ज बंद असतात, तिथे शाळेलाच विचारावे लागते. पॉवरवॉश त्यानंतर, आणि तोही नेट चालणाऱ्या दुसऱ्या वाय-फायवर हेच मशीन जोडून, अडकलेले काम ड्राइव्हवर चढल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावर. मात्र त्या दुसऱ्या वाय-फायवर मशीन नीट चालले, तर पॉवरवॉशचे कारणही बहुधा उरत नाही.