माफी एका ओळीची, उत्तर बाकीच्या पानाचं

हल्ली उशिरा आलेल्या ई-मेलमध्ये माफीच इतकी लांबलचक असते, की उत्तर कुठे आहे ते शोधावं लागतं. पुष्कळदा ते नसतंच. माझं मत अगदी साधं आहे. गिऱ्हाइकाला उशिरा उत्तर देताना माफीला एक वाक्य पुरे, कारणाला फार तर आणखी एक, आणि उरलेली सगळी जागा त्यानं जे विचारलं होतं त्याला द्यावी. माफी ठसठशीत झाली की आपलं मन हलकं होतं हे खरं, पण समोरचा आपल्या मनासाठी खोळंबलेला नसतो.

नुसतं मत सांगून उपयोग नाही, म्हणून एक उदाहरणच घेते. माझा भाचा इमारतींच्या गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करून देतो. एका सोसायटीच्या सचिवांनी त्याला ६ मे रोजी ई-मेल पाठवून तीन गोष्टी विचारल्या होत्या: दिलेल्या दरात जीएसटी धरला आहे का, पावसाआधी काम पुरं होईल का, आणि हमी किती वर्षांची. त्यांची सभा १८ मेला होती. भाच्यानं उत्तर लिहायला घेतलं १५ तारखेला. "मावशी, पाठवायच्या आधी जरा शुद्धलेखन बघ," म्हणून त्यानं ते माझ्याकडे धाडलं. ते असं होतं (त्याच्या परवानगीनं देते आहे, आणि त्याच्याच शुद्धलेखनासह):

"रिस्पेक्टेड सर, सर्वप्रथम उशीरा रिप्लाय दिल्या बद्दल मनापासून दिलगीरी व्यक्त करतो. आपला मेल आला होता परंतु घरी लग्नकार्य होते, दोन साईटची कामे चालू होती व लॅपटॉपही बिघडला होता, त्यामुळे तो बघण्यात आला नाही. तुम्हाला जी काही असुविधा झाली असेल त्या बद्दल क्षमस्व असावे. यापुढे असे कधीही होणार नाही. आपण विचारलेल्या मुद्यांवर लवकरात लवकर कळवतो. कृपया समजून घ्यावे व सहकार्य असेच राहू द्यावे ही नम्र विनंती."

आधी शुद्धलेखनच घेऊ, कारण मागितलं होतं तेवढंच. 'उशीर' मध्ये शी दीर्घ, पण 'उशिरा' मध्ये र्‍हस्व. 'दिलगीर' मध्ये गी दीर्घ, पण 'दिलगिरी' मध्ये र्‍हस्व. दोन्हीकडे गंमत एकच आहे. असे मराठी शब्द अकारान्त असले की शेवटून दुसरी वेलांटी दीर्घ येते, आणि पुढे काना किंवा वेलांटी लागून शेवट बदलला की ती र्‍हस्व होते. गरीब-गरिबी, वकील-वकिली म्हणून बघा, लगेच ध्यानात येईल. 'बद्दल' हे शब्दयोगी अव्यय आहे, ते आधीच्या शब्दाला चिकटवूनच लिहायचं: 'दिल्याबद्दल', 'त्याबद्दल'. 'मुद्यांवर' नव्हे, 'मुद्द्यांवर'. 'असुविधा' हा हिंदीचा पाहुणा, आपल्या घरात 'गैरसोय' आहे. आणि एकाच पत्रात 'आपला', 'तुम्हाला', पुन्हा 'आपण' असं नको, एक काय ते धरावं. अनोळखी गिऱ्हाइकाशी 'आपण' बरं.

'क्षमस्व असावे' ची तर वेगळीच तऱ्हा. 'क्षमस्व' हे संस्कृतमधलं आज्ञार्थी क्रियापद आहे, त्याचा अर्थच 'क्षमा कर'. त्याला 'असावे' जोडलं की 'क्षमा कर असावे' असं काहीतरी होतं. 'क्षमा असावी' म्हणा, नाहीतर 'दिलगीर आहे' म्हणा. व्यवहारात मला 'दिलगीर' बरा वाटतो. फारसीतून आलेला हा शब्द आपल्या मनाची अवस्था सांगतो आणि तिथेच थांबतो. 'क्षमा करा' मध्ये समोरच्याकडे काहीतरी मागणं येतं. आधीच उशीर करायचा आणि वर मागणं मागायचं, हे कामाच्या पत्रात थोडं जडच होतं.

हे सगळं दुरुस्त केलं तरी पत्र सुधारलं का? नाही. सहा वाक्यं आहेत आणि त्यांपैकी एकातही सचिवांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. 'लवकरात लवकर' म्हणजे कधी, तेही नाही. सभा तीन दिवसांवर आलेल्या माणसाच्या हाती या पत्रातून काहीच पडत नाही.

मग मी भाच्याला विचारलं, की खरंच मेल पाहिला नव्हतास का? तर म्हणाला, पाहिला होता, त्याच दिवशी फोनवर वाचला होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तयार होती. हमीचं मात्र माल पुरवणाऱ्या कंपनीला विचारावं लागणार होतं. ८ तारखेला सचिवांचा मेल त्यानं कंपनीकडे पुढे पाठवला आणि वाट पाहत बसला. सगळं एकदमच कळवू, असा विचार. लग्नकार्य झालं होतं, लॅपटॉपही खरोखरच बिघडला होता, पण उशीर त्यामुळे झाला नव्हता.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण अशा पत्रांतला खरा धोका हाच असतो. शुद्धलेखनाच्या चुका त्यापुढे किरकोळ. 'बघण्यात आला नाही' हे धडधडीत खोटं होतं, आणि ते उघडं पडायला वेळ लागला नसता. पुढे पाठवलेल्या मेलच्या खाली जुन्या मेलची सगळी साखळी तारीख-वेळेसकट तशीच राहते. कंपनीचं उत्तर त्यानं उद्या सचिवांकडे पाठवलं असतं, तर खाली '८ मे' दिसलंच असतं. मग नऊ दिवसांचा उशीर राहिला बाजूला, 'हा माणूस खोटं बोलतो' एवढंच लक्षात राहिलं असतं. आणि ज्याच्या हमीवर विसंबून आपण गच्चीचं काम द्यायचं, त्याचा शब्द असा निघाला तर काम कोण देईल? कारण द्यायचं तर खरं द्यावं, नाहीतर मुळीच देऊ नये. गिऱ्हाइकाला कारण हवंच असतं असं नाही.

वाक्यांची ठेवणही बघण्यासारखी आहे. 'बघण्यात आला नाही' या रचनेत बघणारा कुठेच नाही, जणू बघणं हे हवेतून होणारं काम आहे. 'जी काही असुविधा झाली असेल' हेही तसंच. झाली की नाही ते जणू आपल्याला ठाऊकच नाही. ती झालेली होती. दर कळले नाहीत म्हणून सचिवांना सभेपुढे मांडायचा खर्च लिहिता येत नव्हता. माफी मागायची तर कर्ता वाक्यात हवा आणि चूकही नाव घेऊन सांगायला हवी. 'यापुढे असे कधीही होणार नाही' हे वाक्य तर मी काढूनच टाकलं. ज्याच्या दोन-दोन साइट एकदम चालतात, त्यानं असलं वचन देऊच नये. त्याऐवजी एक तारीख द्यावी आणि ती पाळावी.

तर आम्ही दोघांनी बसून तयार केलेलं पत्र असं. आधीच्या मेललाच 'रिप्लाय' केलं, नवा मेल सुरू केला नाही, म्हणजे सचिवांना त्यांचे प्रश्न खाली वाचायला मिळतील:

"सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या दि. ६ मेच्या ई-मेलला मी नऊ दिवस उशिरा उत्तर देत आहे, याबद्दल दिलगीर आहे. हमीबाबत उत्पादक कंपनीच्या उत्तराची वाट पाहत थांबलो. बाकीची माहिती मी आधीच पाठवायला हवी होती. दि. १८ च्या सभेसाठी ती अशी:

१. दिलेल्या दरात जीएसटी धरलेला नाही. तो १८ टक्के वेगळा पडेल.

२. कोरडी हवा राहिल्यास कामाला १२ दिवस लागतील. गच्चीत पाणी साठवून पाहण्याची चाचणी त्यात धरली आहे. दि. २० पर्यंत आपला होकार आल्यास दि. २२ ला काम सुरू करता येईल. मध्ये पाऊस आल्यास काम थांबवावे लागेल.

३. हमीचा लेखी मसुदा दि. १७ रोजी सायंकाळी ६ पर्यंत पाठवतो. कंपनीचे उत्तर तोवर न आल्यास तसेही त्याच वेळी कळवतो.

सभेत काही शंका निघाल्यास मला फोन करावा. त्या वेळी मी उपलब्ध आहे.

आपला,"

आणि खाली त्याचं नाव. तिसऱ्या मुद्द्यावर भाचा अडला होता. उत्तरच नाही तर लिहायचं काय, असा त्याचा प्रश्न. पण 'अमुक वेळी कळवतो' हेही उत्तरच आहे, सचिवांना सभेची आखणी करायला तेवढं पुरतं. मात्र ती वेळ चुकली तर दुसरी माफी कोणी ऐकत नाही, म्हणून ती जरा सैलच धरायची. भाचा आधी '१६ ला' लिहीत होता, आम्ही १७ केली.

सचिवांचा दोन ओळींचा निरोप आला: माहिती मिळाली, हमीच्या मसुद्याची वाट पाहतो. माफीबद्दल अवाक्षर नाही. मला विचाराल तर माफी जमली याची हीच खूण. 'अहो, एवढं काय त्यात' असं समोरच्याला लिहावं लागलं, तर आपण त्याच्यावर आपली समजूत काढायचं काम टाकलं असं समजावं.

हे माप सगळीकडे चालणार नाही, तेही सांगते. एक-दोन दिवसांच्या उशिराला माफीच नको, सरळ उत्तर द्यावं. उलट उशिरामुळे कोणाचे पैसे गेले असतील किंवा मुदत चुकली असेल, तर आधी फोन करावा. तिथे मेलमधली एक ओळ कोरडी लागते, आणि भरपाईचं काय ते बोलल्याशिवाय नुसत्या दिलगिरीला अर्थ नसतो.

माझी एक मैत्रीण म्हणाली, की तुझं पत्र फार रुक्ष आहे, आपल्याकडे थोडी नम्रता लागते. मला पटत नाही. 'सप्रेम नमस्कार' आहे, 'आपण' आहे, आपली चूक आपल्या तोंडानं सांगितलेली आहे. आणखी नम्रता ती कोणती? 'समजून घ्यावे, सहकार्य राहू द्यावे' ही नम्रता दिसते खरी, पण तिच्यात समजून घेण्याचं काम गिऱ्हाइकाच्याच गळ्यात घातलेलं असतं.

आमच्या पिढीला 'पोच' हा शब्द चांगला माहीत आहे. पत्र पोचलं की आधी पोच द्यायची, सविस्तर मागाहून लिहायचं. ६ तारखेला संध्याकाळी भाच्यानं 'मेल मिळाला. दर आणि मुदतीबद्दल उद्या कळवतो, हमीबद्दल कंपनीला विचारतो आहे' एवढं फोनवरून लिहिलं असतं, तर दिलगीर व्हायची वेळच आली नसती. मिनिटभराचं काम. उशिराच्या बहुतेक मेलांत मला हेच दिसतं, की माणूस आळशी नसतो, तीन प्रश्नांतल्या एकाचं उत्तर नसल्यामुळे तो बाकीची दोन धरून बसलेला असतो.

असो. तुमच्याकडे अशी पत्रं येत असतील, तुम्ही लिहीतही असाल. माझा एक-ओळीचा हिशेब पटत नसेल तर तसंही लिहा, वाद घालायला मी मोकळीच आहे.