घड्याळ ऐकतं की फोन?

दीड-दोन हजार रुपयांची ब्लूटूथ कॉलिंगची घड्याळं आता घराघरांत दिसतात. त्यांच्यावर माइकचं एक चिन्ह असतं. ते दाबून बोललं की फोन लागावा, टायमर सुरू व्हावा ही अपेक्षा. पण घड्याळ कधी भलतंच ऐकतं, कधी गप्प राहतं. ते दुकानात नेण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ या. अशा बहुतेक घड्याळांत बोलणं ओळखणारी यंत्रणाच नसते. घड्याळ फक्त आवाज उचलून ब्लूटूथवरून फोनकडे देतं आणि शब्द ओळखण्याचं काम फोनमधला असिस्टंट करतो. म्हणजे दोष तीन जागी असू शकतो: घड्याळाचा माइक, मधली जोडणी किंवा फोनची भाषा.

तो कुठे आहे हे ओळखायला दोन चाचण्या पुरतात. जी आज्ञा घड्याळाला कळली नाही, तीच थेट फोनला द्या. फोनही चुकला तर दोष भाषेचा. फोनला नीट कळली, तर घड्याळावरून कुणाला तरी कॉल करा. समोरच्याला आवाज दबलेला आला तर माइक बघा. कॉल घड्याळावरून बोलताच येत नसेल तर जोडणी बघा.

आमच्या एका सहकारी शिक्षिकेच्या अम्मींचं उदाहरण घ्या. ‘मोठ्या आपाला फोन लाव’ म्हटलं की फोनवर इंग्रजीत काहीतरी शोधलं जायचं. ‘साठ मिनिटांचा टायमर’ म्हटलं की आठ मिनिटांचा लागायचा.

पहिली चूक फोनवरही झाली, म्हणजे भाषेची. असिस्टंट इंग्रजीवर होता, त्यामुळे मराठी शब्दांना तो जवळचे इंग्रजी शब्द लावत होता. अँड्रॉइड फोनवर Google ॲप उघडून वरच्या फोटोवर टिचकी मारा, Settings मध्ये Google Assistant आणि त्यात Languages उघडा. तिथे मराठी निवडता येते. हिंदी आणि उर्दूही आहे. घरात जी जास्त बोलली जाते ती पहिली ठेवा. फोनमध्ये दुसरा असिस्टंट असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषा बघा.

भाषा बदलूनही आपाला फोन लागेना, कारण नंबर ‘B Aapa Mrj’ नावानं साठवलेला होता. असिस्टंट ऐकलेलं नाव यादीतल्या नावाशी जुळवतो. आपण ज्या नावानं हाक मारतो तेच नाव पूर्ण लिहून ठेवा. ‘मोठ्या आपा’ असं लिहिल्यावर फोन लागला.

साठ-आठचा घोटाळा मात्र फोनवर होत नव्हता, फक्त घड्याळावर होत होता. ‘स’ या वर्णाचा सुस्कारा बराचसा 4000 हर्ट्झच्या वर असतो. ब्लूटूथवरच्या साध्या कॉलची वाट मात्र तिथेच संपते. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतो. त्यात अम्मींच्या घड्याळाचं माइकचं छिद्र कणकेनं अर्धं बुजलेलं होतं. हे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र घड्याळाच्या कडेला असतं. कोरड्या, मऊ टूथब्रशनं ते हलक्या हातानं साफ करावं. टाचणी घालू नये, आतला पडदा फाटतो. वुजूनंतर लगेच आवाज दबलेला येत असेल तर आत पाणी आहे. घड्याळ पुसून छिद्र खाली करून ठेवावं, सुकलं की आवाज मोकळा होतो. छिद्र साफ झाल्यावर चुका कमी झाल्या, पण ब्लूटूथची मर्यादा राहतेच. त्यावर उपाय शब्दांचा: ‘साठ मिनिटं’ऐवजी ‘एक तास’ म्हणावं.

आता घड्याळ काहीच उत्तर देत नसेल तर. अशा घड्याळांची फोनशी बहुधा दोन नाती असतात: एक ॲपसाठी, दुसरं कॉलच्या आवाजासाठी. पावलं आणि मेसेज दिसतात म्हणून आपल्याला वाटतं, सगळं जोडलेलं आहे. फोनच्या ब्लूटूथ यादीत घड्याळाच्या नावावर जाऊन कॉलचा पर्याय चालू आहे का ते बघा. काही घड्याळांचं कॉलसाठी वेगळं नाव यादीत येतं, तेही जोडावं लागतं. कानातले वायरलेस इयरफोन जोडलेले असतील तर फोन त्यांचाच माइक ऐकत असू शकतो. फोन लॉक असताना असिस्टंट गप्प राहत असेल, तर लॉक स्क्रीनवर उत्तर देण्याची परवानगी त्याच्या सेटिंगमध्ये द्यावी लागते. ती दिली की घरातलं कुणीही फोन न उघडता आज्ञा देऊ शकतं, हेही ध्यानात ठेवा.

शेवटची बाब सवयीची. चिन्ह दाबल्यावर आवाजाची वाट उघडायला एक-दोन सेकंद लागतात. त्याआधी बोललेला पहिला शब्द हरवतो. सूचनेचा आवाज येऊ द्या, मनगट तोंडापासून वीतभर अंतरावर आणा आणि मग बोला. फोन दुसऱ्या खोलीत भिंतीआड असेल तर तो आधी जवळ आणा.

एवढं करूनही फोनला कळतं, घड्याळाला कळत नाही आणि कॉलमध्येही आवाज दबलेलाच येतो, तर माइक बिघडला आहे. तेव्हा पावती घेऊन वॉरंटीत दुरुस्तीला द्या.