आधी निकाल, मग नारळ

शालेय क्रीडावृत्त म्हटलं की मी का चिडतो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना वेगळं सांगायला नको. या आठवड्यात निमित्त घरी चालून आलं. आमच्या सोसायटीतली आठवीतली मुलगी वहीची चार पानं घेऊन आली आणि म्हणाली, "काका, वार्षिकांकासाठी आहे. सरांनी अर्धं करायला सांगितलंय."

तिच्या शाळेच्या मुलींनी १४ वर्षांखालील खो-खोची तालुका पातळीवरची अंतिम लढत जिंकली होती. हे मला चौथ्या पानाच्या शेवटच्या ओळीत कळलं. पहिल्या पानावर श्रीफळ वाढवलं गेलं होतं, दुसऱ्यावर पाहुण्यांनी खेळाचं महत्त्व सांगितलं होतं, मग नाणेफेक. शेवटी 'अशा प्रकारे आमचा संघ विजयी झाला'. किती गुणांनी, ते नाहीच!

मी गुणपत्रक मागितलं. त्याचा फोटो तिच्या आईच्या मोबाइलमध्ये निघाला. पहिल्या डावात समोरच्यांनी आठ गडी बाद केले, यांनी सात. दुसऱ्या डावात त्यांनी सहा, यांनी आठ. म्हणजे १५-१४. आणि आठवा गडी बाद झाला तेव्हा सात मिनिटांच्या पाळीतलं १ मिनिट २० सेकंद शिल्लक होतं. झालं, पहिलं वाक्य मिळालं: 'तालुका खो-खो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी १५-१४ असा, एक गुण आणि १ मिनिट २० सेकंद राखून विजय मिळवला.' खो-खोत ही राखलेली वेळ गाळायची नसते. नुसता एक गुण वाचला की वाटतं, शेवटच्या शिट्टीला कसंबसं जमलं. वेळ दिली की कळतं, पाठलाग आधीच पुरा झाला होता.

मुलगी हिरमुसली. "निकाल आधीच सांगितला तर पुढचं कोण वाचेल?"

मी म्हटलं, तू परत नाणेफेकीपासून सुरू केलंस तर कोणीच नाही. निकाल कळलेल्या माणसाला एकच विचारायचं असतं: एका गुणाने मागे होता, मग जिंकलात कसे? म्हणून दुसरा परिच्छेद थेट शेवटच्या पाळीत घालायचा. जिंकायला आठ गडी हवेत, समोरची पहिली तुकडी दीड मिनिटात गारद, दुसरीतल्या दोघी चाळीस सेकंदांत बाद. आणि तिसरी काही केल्या सापडत नाही. पहिला डाव मागाहून दोन ओळींत उरकला तरी चालतो. पाहुणे सगळ्यांत शेवटी, म्हणजे जागा कमी पडली तर कात्री त्यांच्यापासून लागते.

त्या तिसरीबद्दल मुलीने तिसऱ्या पानावर जे लिहिलं होतं, ते वाचून मी चहा खाली ठेवला. 'ती बसलेल्या मुलींमधून आत-बाहेर पळत राहिली. आमची मुलगी मागे वळू शकत नव्हती, म्हणून खुंटाला वळसा घालून आली, तोवर ती पलीकडे. एकदा तर खुंटापाशी थांबून आमच्या कर्णधाराकडे बघून हसली.' यावर सरांची लाल रेघ! वर सुवाच्य अक्षरात: 'संरक्षणाचे उत्कृष्ट प्रदर्शन केले.' अहो सर, त्या वाक्यात पळतंय कोण? आक्रमकाला दिशा बदलता येत नाही, बाजू बदलायची तर खुंट गाठावाच लागतो, हा अख्खा नियम पोरीने एका वळशात दाखवला होता. तुमच्या 'प्रदर्शना'त ना नियम दिसतो, ना ते हसू.

लाल रेघेचं खरं कारण वेगळंच निघालं. हसणारी मुलगी समोरच्या शाळेची. "आपल्या अंकात त्यांचं कौतुक कशाला?" असं सर म्हणाले म्हणे. ती दोन मिनिटं दहा सेकंद टिकली, मैदानात त्या पाळीत इतका वेळ दुसरं कोणी टिकलं नाही. ती बाद झाली कशी, तर कर्णधाराने खो घेतल्या घेतल्या सूर मारला आणि तिच्या पाठीला बोटं लागली. आता त्या मुलीला वृत्तांतातून काढलं तर कर्णधार सूर मारते कोणावर? हवेवर? आपल्याकडे हरलेला संघ बातमीत फक्त आकड्यापुरता येतो, हा रोग शाळेपासूनच लागतो. जिंकलेल्यांची नावं कंसात वेळांसकट, आणि ज्यांनी त्यांना घाम फोडला त्यांची बोळवण 'चांगली लढत दिली' एवढ्यावर. मग त्या जिंकण्याला वजन कुठून येणार?

दीड पानाचा मजकूर घेऊन मुलगी परत गेली. कालच भेटली. सरांनी निकाल वर ठेवला, दोन मिनिटं दहा सेकंदही ठेवले, हसणं मात्र पुन्हा खोडलं. तिने ते पेन्सिलीने परत लिहून कागद परस्पर छपाईला दिलाय, असं तिची धाकटी बहीण सांगत होती.