कामाच्या आदेशातील तासांच्या मर्यादेबाबत आणि सुधारित कामाबाबत निवेदन

दिनांक : ५ मे

प्रति,
मा. व्यवस्थापकीय विश्वस्त,
(इमारतीचा मालक न्यास), लालबाग, मुंबई

विषय : मागील बाजूच्या तुळयांवरील २०० तासांची मजुरी मिळणे व उरलेल्या कामाची नव्याने आखणी करणे.

महोदय,

आमचे ८०० मनुष्यतासांचे बिल आपण ६०० तासांवर आणले आहे आणि उरलेले काम त्याच रकमेत पुरे करण्यास कळवले आहे. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. त्याची कारणे आपल्या व आपल्या वास्तुविशारदांच्या विचारार्थ मांडत आहोत.

आदेशात ६०० तासांची मर्यादा आहे, हे खरे. मात्र त्याच आदेशाच्या परिशिष्टात काम नेमून दिलेले आहे : रस्त्याकडच्या गॅलरीखालील तुळयांची १२ टोके, प्रत्येकी सरासरी ५० तास. ती बाराही टोके आम्ही ५६४ तासांत पूर्ण केली. दोन खोल्यांच्या चाव्या वेळेवर न मिळाल्याने माणसे बसून राहिली, ते ३६ तास आम्ही याच मर्यादेत धरले आहेत. त्यांचे वेगळे पैसे मागत नाही. अशा रीतीने ६०० तास नेमलेल्या कामावरच संपले. वादातले २०० तास आहेत ते मागच्या, मोऱ्या-संडासांकडच्या भिंतीतील चार टोकांचे. परिशिष्टात या भिंतीचा उल्लेखच नाही.

हे काम आम्ही आपण होऊन अंगावर घेतलेले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातील खोलीत गिलाव्याला फुगा आला होता. तो फोडल्यावर तुळईवर हातोडी मारली तर आवाज बद्द आला आणि पटाशी सहज तीन इंच आत गेली. मधला भाग तैलरंगाखाली धडधाकट दिसत होता. कुजले होते ते भिंतीत रुतलेले टोक. बाहेरच्या बिडाच्या सांडपाणी-पाइपचा सांधा गळत होता. जुना चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. येथे पूर्वीच्या दुरुस्तीत त्यावर सिमेंट मारल्याने पाणी आतच राहिले. आपल्या संरचना सल्लागारांनी त्याच दिवशी साइट बुकात ‘त्वरित टेकू देऊन चारही टोके दुरुस्त करावीत’ असे लिहून सही केली आहे. त्या पानाची प्रत सोबत आहे.

वेळ कशात जातो, हे बिलावरून कळत नाही, म्हणून सांगतो. दुसऱ्या मजल्याच्या छताची तुळई उचलून धरायची तर टेकू केवळ त्या खोलीत लावून भागत नाही. त्याच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावर आणि तळमजल्यावरही टेकू लागतात. नाहीतर भार खालच्या जमिनीच्या पाटावर येतो. म्हणजे तीन बिऱ्हाडांचे सामान हलवायचे, पोटमाळे रिकामे करायचे. मग कुजलेले टोक कापायचे, भिंतीत काँक्रीटचा बेड ब्लॉक भरायचा, शाबूत सागवानाच्या दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल आरपार बोल्टने आवळायचे आणि टोकाभोवती हवेला जागा ठेवायची. त्या खोलीत माणसे राहत होती. मर्यादा संपली म्हणून तुळई तशीच सोडून निघून जाणे आम्हाला शक्य नव्हते आणि आपणही ते मान्य केले नसते.

फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७० सांगते. येथे तर आपल्या सल्लागारांची लेखी सूचनाही आहे.

आमची पहिली मागणी : २०० तासांचे, आदेशातील ₹३०० दराने, ₹६०,००० अधिक जीएसटी मंजूर व्हावेत.

दुसरी मागणी उरलेल्या कामाची. मागच्या भिंतीतील आणखी आठ टोके आम्ही उघडून पाहिली. तीन शाबूत आहेत; त्यांना वाळवीचे औषध मारावे, बाकी हात लावू नये. पाच दुरुस्त करावी लागतील. ती तासांवर न करता प्रत्येकी ₹१५,००० ठोक मजुरीने, एकूण ₹७५,००० मध्ये करण्यास आम्ही तयार आहोत. साहित्य पूर्वीप्रमाणे बिलाने. तास वाढले तर ते आमचे. मात्र कूज भिंतीपासून दोन फुटांपलीकडे गेलेली आढळली, तर काम थांबवून आपली लेखी संमती घेऊ. पाइपचा सांधा आपण आधी दुरुस्त करून घ्यावा; तो गळत राहिला तर नव्या कामाची हमी देता येणार नाही.

हा खर्च हलका व्हावा म्हणून आदेशातील जिन्याच्या कठड्यांचे व गॅलरीच्या नक्षीचे ₹४८,००० चे काम यंदा वगळावे. ते दिवाळीनंतर केले तरी कुणाच्या जिवाला धोका नाही. ती रक्कम इकडे वळवल्यास पुढील कामासाठी मूळ आदेशापेक्षा केवळ ₹२७,००० जादा लागतील.

मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला लागतो. चार माणसांच्या गटाला पाच टोकांसाठी आठ-नऊ दिवस लागतील आणि बेड ब्लॉकला निदान आठवडाभर पाणी मारल्याशिवाय टेकू काढता येत नाहीत. १५ मेला सुरुवात झाली तरच भिंत पावसाआधी बंद होईल. म्हणून १० मेपर्यंत वास्तुविशारद व संरचना सल्लागार यांच्यासह जागेवर बैठक घ्यावी आणि सुधारित आदेश लेखी द्यावा. तोवर लावलेले टेकू आम्ही काढणार नाही आणि त्यांचे भाडेही लावणार नाही.

आपला विश्वासू,
(कंत्राटदार)

सोबत : साइट बुकाच्या पानाची प्रत, हजेरीपट, टोकांची छायाचित्रे.