‘पूर्वाभिमुख’ सदनिका : जाहिरातीतील एका शब्दाचे तीन अर्थ

सदनिका विक्रीच्या जाहिरातींत ‘पूर्वाभिमुख’ आणि ‘वास्तुशास्त्रानुसार’ हे दोन शब्द किमतीच्या खालोखाल ठळक छापले जातात. हैदराबाद आणि बंगळूरूपासून पुणे, नागपूरपर्यंत पूर्वेकडे तोंड असलेल्या घराला मागणी अधिक असते आणि त्यासाठी काही रक्कम जास्त मोजण्याची तयारीही अनेक कुटुंबे ठेवतात. त्यामुळे हा शब्द केवळ वर्णनाचा राहत नाही, तो व्यवहाराचा भाग होतो. मात्र त्याचा अर्थ नेमका काय, हे जाहिरात देणारा आणि वाचणारा यांच्यात बहुतेक वेळा ठरलेले नसते. घर पाहायला गेल्यावर होणारा वाद तेथूनच सुरू होतो.

बाजारात ‘पूर्वाभिमुख’ हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. इमारतीचे प्रवेशद्वार पूर्वेकडील रस्त्यावर असणे, हा एक अर्थ. सदनिकेच्या मुख्य दरवाजातून बाहेर पडताना तोंड पूर्वेकडे असणे, हा दुसरा. दिवाणखान्याची बाल्कनी किंवा मोठी खिडकी पूर्वेला उघडणे, हा तिसरा. वास्तुशास्त्र मानणारा ग्राहक साधारणतः दुसरा अर्थ गृहीत धरतो. सकाळच्या उन्हासाठी पूर्वेकडचे घर शोधणाऱ्याला तिसरा अर्थ अभिप्रेत असतो. बहुमजली इमारतीत हे दोन अर्थ अनेकदा एकमेकांच्या विरुद्ध जातात, कारण मुख्य दरवाजा लॉबीत उघडतो आणि दिवाणखान्याची बाल्कनी नेमकी लॉबीच्या उलट बाजूला असते. पूर्वेचा दरवाजा असलेल्या घरात संध्याकाळचे पश्चिमेचे ऊन येते, ते यामुळेच.

एक काल्पनिक पण नेहमी आढळणारे उदाहरण पाहता येईल. पुण्यातील एका इमारतीत प्रत्येक मजल्यावर दोन सदनिका आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. जिना, उद्वाहन आणि लॉबी पूर्वेच्या बाजूला मधोमध आहेत. दुसऱ्या मजल्यावरील दक्षिणेकडची दोन शयनगृहांची सदनिका विकायची आहे. तिची जाहिरात अशी तयार झाली : ‘पूर्वाभिमुख, शंभर टक्के वास्तुशास्त्रानुसार, सकाळचे भरपूर ऊन, सुखसमृद्धी देणारे घर.’ चार दावे आहेत आणि चारही तपासता येण्याजोगे किंवा टाळता येण्याजोगे आहेत.

पहिला दावा दिशेचा. दिशा मोजण्यासाठी मुख्य दरवाजाच्या आत उभे राहून तोंड बाहेरच्या बाजूला करायचे आणि होकायंत्रावरील अंश वाचायचे, ही सर्वाधिक रूढ पद्धत आहे. उत्तर शून्य अंश धरल्यास पूर्व 90 अंशांवर येते. आठ दिशांची समान वाटणी केली तर साडेसदुसष्ट ते साडेएकशेबारा अंश हा पट्टा पूर्वेचा ठरतो. दरवाजा 82 अंशांवर असेल तर त्याला पूर्व म्हणणे योग्य आहे. तो 60 अंशांवर असेल तर ती ईशान्य होय आणि जाहिरातीतही तसेच लिहावे लागेल.

अडचण मोजणीत येते. मोबाइलमधील होकायंत्र चुंबकीय क्षेत्रावर चालते आणि आधुनिक इमारत लोखंडाने भरलेली असते. काँक्रीटमधील सळ्या, लोखंडी सुरक्षा दरवाजा, शेजारचे उद्वाहन, विजेचे मीटर यांच्याजवळ काटा बराच भरकटू शकतो. एकच वाचन घेऊन ‘पूर्व’ लिहून टाकणे म्हणूनच धोक्याचे. दरवाजात, दिवाणखान्याच्या मध्यभागी आणि इमारतीबाहेर भिंतीला समांतर उभे राहून अशी तीन वाचने घ्यावीत. ती एकमेकांशी जुळली नाहीत तर उपग्रह नकाशावर इमारतीची भिंत कोणत्या दिशेला समांतर आहे ते पाहावे. मंजूर नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतो, तो या सगळ्यात अधिक भरवशाचा. उदाहरणातील सदनिकेचा दरवाजा या तपासणीत 82 अंशांवर आला, म्हणजे ‘मुख्य दरवाजा पूर्वेकडे’ हे विधान खरे ठरते. बाल्कनी मात्र पश्चिमेला आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखच नाही.

दुसरा दावा उन्हाचा. तो दिशेवरून आपोआप सिद्ध होत नाही. या सदनिकेत पूर्वेला उघडणारी एकच खिडकी आहे, स्वयंपाकघराची. तिच्यासमोर 12 मीटर अंतरावर 24 मीटर उंचीची लांबलचक इमारत उभी आहे आणि खिडकी जमिनीपासून साधारण 7 मीटर उंचीवर आहे. म्हणजे समोरची इमारत खिडकीपेक्षा 17 मीटर उंच आहे. बारा मीटर अंतरावरून सतरा मीटरची भिंत ओलांडायची, तर सूर्याला पूर्वेच्या बाजूने सुमारे 55 अंश वर यावे लागते. पुण्याच्या अक्षांशावर 21 मार्चच्या आसपास सूर्योदयानंतर त्याला पावणेचार तास लागतात. सूर्य साडेसहानंतर उगवला तरी खिडकीवर ऊन येते ते सव्वादहा-साडेदहाला, आणि साडेबारानंतर सूर्य पश्चिमेकडे कलल्यावर ते निघून जाते. तेही स्वयंपाकघरात. ‘सकाळचे भरपूर ऊन’ हे शब्द येथे चुकीचे आहेत, मग दरवाजा कितीही अचूक पूर्वेला असो.

हे गणित प्रत्येक विक्रेत्याने करावे अशी अपेक्षा नाही. सकाळी आठ, दहा आणि बारा वाजता त्या खिडकीचे छायाचित्र घेतले तरी पुरते. छायाचित्राखाली तारीख आणि वेळ द्यावी, कारण वर्षभरात सूर्योदयाची जागा सरकते. पुण्यात तो जूनमध्ये पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला उगवतो. डिसेंबरात मिळणारे ऊन जूनमध्ये मिळेलच असे नाही. समोरचा भूखंड मोकळा असेल तर आजच्या उन्हाची हमी उद्याची ठरत नाही, हेही ओघाने आलेच.

तिसरा दावा, ‘शंभर टक्के वास्तुशास्त्रानुसार’, सर्वांत निसरडा आहे. वास्तुशास्त्राचे एकच प्रमाणित संहितीकरण नाही. वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’, दक्षिणेतील ‘मयमत’ आणि ‘मानसार’ असे अनेक ग्रंथ आहेत, त्यांवर बेतलेल्या प्रादेशिक परंपरा आहेत आणि सल्लागारांचे स्वतःचे आडाखे आहेत. एका पद्धतीत घराच्या परिघाचे 32 भाग, म्हणजे पदे, कल्पिलेली असतात आणि त्यातील आठ पूर्वेच्या बाजूला येतात. दरवाजा पूर्वेला असणे या पद्धतीत पुरेसे नसते, तो कोणत्या पदात आहे ते पाहिले जाते. जयंत आणि इंद्र ही पदे सर्वसाधारणपणे शुभ मानतात, तर कोपऱ्याकडील काही पदे टाळतात. एका सल्लागाराने उत्तम ठरवलेले घर दुसऱ्याने नाकारावे, यात नवल नाही. ज्या मोजपट्टीवर एकमत नाही तिच्यावर शंभर टक्के गुण देता येत नाहीत.

उदाहरणातील घराला तर रूढ नियमही पूर्णपणे लागू पडत नाहीत. स्वयंपाकघर आग्नेय कोपऱ्यात आणि मुख्य शयनगृह नैऋत्येला आहे, हे बहुतेक परंपरांना मान्य होईल. पण लॉबी आणि जिना यांनी सदनिकेचा ईशान्य कोपराच खाल्ला आहे. घराचा आराखडा चौकोनी न राहता त्या कोपऱ्यात आत वळतो. वास्तू पाहणारे याला ‘ईशान्य कट’ म्हणतात आणि तो मोठा दोष समजतात. जाहिरातीत तो लपवला तरी नकाशा पाहणाऱ्या ग्राहकाला पहिल्याच भेटीत दिसतो आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. म्हणून ‘वास्तुशास्त्रानुसार’ हा निवाडा न देता खोल्यांच्या जागा सांगणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो. निवाडा ग्राहक किंवा त्याचा सल्लागार करील.

चौथा दावा सुखसमृद्धीचा. तो सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग नाही, म्हणून तो जाहिरातीत नसावा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खोटे वर्णन करणाऱ्या किंवा खोटी हमी देणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी ठरवतो आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा प्रकरणी 10 लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार देतो. स्थावर संपदा कायदा, 2016 मधील कलम 12 नुसार, जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले तर विकासकाने भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर रक्कम व्याजासह परत करावी लागते. हे कलम विकासकासाठी आहे. स्वतःचे जुने घर विकणारा मालक त्याच्या कक्षेत येत नाही, पण भारतीय करार कायद्यातील कलम 17 ते 19 त्याला लागू होतात. फसवणूक किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेली संमती असेल तर खरेदीदार करार रद्द करू शकतो. अर्थात साधी चौकशी करून सत्य कळण्यासारखे होते, असा बचाव विक्रेत्याला काही प्रसंगी मिळतो. होकायंत्र खरेदीदाराच्याही खिशात असते, त्यामुळे दिशेच्या बाबतीत हा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

याच सदनिकेची सुधारलेली जाहिरात मग अशी होईल : ‘दुसरा मजला, दोन शयनगृहे. चटई क्षेत्र 64 चौरस मीटर (सुमारे 689 चौरस फूट), बाल्कनी वेगळी. मुख्य दरवाजा पूर्वेकडे (होकायंत्रावर 82 अंश), लॉबीत उघडतो. दिवाणखान्याची बाल्कनी पश्चिमेला, दुपारनंतर ऊन. स्वयंपाकघर आग्नेयेला, पूर्वेची खिडकी. समोर 12 मीटरवर इमारत, मार्चमध्ये साधारण साडेदहा ते साडेबारा थेट ऊन. मुख्य शयनगृह नैऋत्येला. ईशान्य कोपरा लॉबी व जिन्यामुळे कापलेला. नकाशा सोबत जोडला आहे.’

या मजकुरात ‘वास्तू’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी वास्तू पाहणाऱ्याला हवी असलेली बहुतेक माहिती त्यात आहे. विकासकाच्या नव्या प्रकल्पाची जाहिरात असेल तर त्यात स्थावर संपदा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता देणे कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्रात 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो. ईशान्य कटाचा उल्लेख केल्यावर काही दूरध्वनी कमी येतील, हे खरे. पण जे येतील ते नकाशा पाहून आलेले असतील, आणि बयाण्याच्या दिवशी त्या कोपऱ्याचा विषय निघणार नाही.