लाल डाग म्हणजे पसंती नव्हे

मुंब्रा, महापे, पनवेल आणि कल्याण या चारही बाजूंचे रस्ते शीळफाट्याला येऊन मिळतात. संध्याकाळी तिथल्या कोंडीत सापडलेल्या माणसाने मान वर केली की घरांचे फलक दिसतात आणि मान खाली घालून फोन उघडला की त्याच घरांच्या जाहिराती दिसतात. जाहिरातीवर बोट पडलं की एक पान उघडतं: वर इमारतीचं चित्र, त्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ, खाली नाव आणि मोबाइल नंबर भरायची चौकट. बिल्डरांच्या विक्री कार्यालयात याला लँडिंग पेज म्हणतात. कल्याण-शीळ रस्त्यावर घर विकणाऱ्या प्रत्येकाकडे असं पान आहे आणि ते कसं असावं यावर प्रत्येकाचं ठाम मत आहे. त्या मतांना तपासणीला कसं बसवायचं, हा आजचा विषय.

अलीकडे एका प्रकल्पाच्या विक्री विभागात बसलो होतो. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांच्या पानाचा हीटमॅप होता. लोकांची बोटं जिथे जास्त पडतात तिथे लाल, कमी पडतात तिथे निळा, असा तो नकाशा. पानाच्या मध्यावर घराचा आराखडा होता आणि त्यावर भलामोठा लाल डाग. टीममधल्या एका तरुणाने लगेच निष्कर्ष काढला, “सर, लोकांना प्लॅन आवडतोय. तो सगळ्यात वर घेऊ.” मी त्याला म्हटलं, आधी दहा रेकॉर्डिंग बघू.

सेशन रेकॉर्डिंग म्हणजे एका पाहुण्याने त्या पानावर काय काय केलं याचं पुनर्दर्शन. त्याने कुठवर सरकवलं, कुठे थांबला, कशावर बोट ठेवलं, केव्हा निघून गेला, हे सगळं ओळीने दिसतं. आम्ही फोनवरची दहा रेकॉर्डिंग पाहिली. बहुतेकांमध्ये गोष्ट एकच होती. माणूस आराखड्यापाशी येतो, त्यावर एकदा बोट ठेवतो, काहीच होत नाही. पुन्हा ठेवतो. मग लागोपाठ चार-पाच वेळा ठेवतो. दोन बोटांनी ताणून पाहतो, पण पान ताणलं जात नाही. मग बाहेर. आराखड्यातले आकडे फोनच्या पडद्यावर मुंगीएवढे दिसत होते आणि त्या माणसाला बेडरूमची लांबी-रुंदी वाचायची होती. तो लाल डाग पसंतीचा नव्हता, अडल्याचा होता. हीटमॅप बोटं मोजतो. बोट का पडलं हे त्याला कळत नाही. ते कळायला रेकॉर्डिंग लागतं.

फोनच्या बाबतीत आणखी एक चूक सर्रास होते. हीटमॅपचे तीन प्रकार पाहायला मिळतात: बोट किंवा क्लिक कुठे पडलं याचा, माणूस पानाच्या किती खाली गेला याचा आणि माउस कुठे फिरला याचा. फोनला माउस नसतो, त्यामुळे तिसरा नकाशा फक्त संगणकावरून आलेल्यांचाच असतो. आपल्याकडे घराच्या जाहिरातीवरून येणारा माणूस बहुधा फोनवर असतो. फोन आणि संगणक यांचा एकत्र नकाशा काढला की दोन वेगळ्या मांडण्या एकमेकींवर चढतात आणि कोणाचंच खरं चित्र उरत नाही. म्हणून नकाशा उघडला की आधी फोनचा वेगळा करावा, मग बोलावं.

आता प्रयोगाकडे येऊ. रेकॉर्डिंगने आपल्याला एक प्रश्न दिला, उत्तर अजून दिलेलं नाही. आराखडा बोट ठेवताच मोठा झाला तर चौकशी वाढेल का? हे पाहायला पानाच्या दोन आवृत्त्या करायच्या, येणाऱ्यांना नाणं उडवल्यासारखं दोन्हींत वाटायचं आणि दोन्ही एकाच काळात चालवायच्या. एकाच काळात, यावर माझा फार भर आहे. आपल्याकडे अनेक कुटुंबं पितृपक्षात घराचा विषय बाजूला ठेवतात आणि नवरात्र लागलं की पुन्हा काढतात. जुनं पान पितृपक्षात चालवलं, नवं घटस्थापनेला लावलं आणि चौकशी वाढली, तर ती वाढ नव्या पानाच्या खात्यावर मांडता येत नाही. तसंच शनिवार-रविवारी घर बघणारे आणि मंगळवारी रात्री लोकलमध्ये पान चाळणारे सारखे नसतात, म्हणून प्रयोग नेहमी पूर्ण आठवड्यांचा ठेवावा.

किती आठवड्यांचा? इथे बहुतेक प्रयोग फसतात. समजा, शंभर पाहुण्यांपैकी दोघे आपला नंबर देतात आणि नव्या पानाने ते तीन होतात का, हे आपल्याला पाहायचं आहे. नेहमीच्या काटेकोरपणाने हिशेब केला तर प्रत्येक आवृत्तीला सुमारे ३,९०० माणसं लागतात. पानावर दिवसाला २८० जण येत असतील तर प्रत्येक आवृत्तीला १४० मिळतात, म्हणजे चार पूर्ण आठवडे. आता अपेक्षा लहान करून पाहा. दोनाचे तीन न होता शंभरात दोनाचे २.२ होतात का, एवढंच पाहायचं असेल तर प्रत्येक आवृत्तीला ऐंशी हजारांच्या आसपास माणसं लागतील. त्याच पानाला त्यासाठी दीड वर्षाहून जास्त काळ लागेल. तोवर अर्धे फ्लॅट विकून झाले असतील. म्हणून लहान प्रकल्पाने बटन हिरवं की केशरी, या वादात पडू नये. तेवढ्या बारीक फरकाचं उत्तर त्याच्या पाहुणेसंख्येला मिळणारच नाही. त्याने मोठे फरक तपासावेत: किंमत दाखवायची की लपवायची, इमारतीचं चित्र की घराचा आराखडा, बटन वर की पडद्याच्या तळाशी कायमचं.

आणि ठरलेले चार आठवडे संपेपर्यंत थांबावं. पाचव्या दिवशी एक आवृत्ती पुढे दिसते, मालक म्हणतो “झालं, हीच ठेवा,” आणि प्रयोग तिथेच मरतो. रोज डोकावून, मनासारखा आकडा दिसला की थांबायचं ठरवलं, तर एकसारख्या दोन पानांतही विजेता सापडतो.

मोठ्या प्रयोगाचं सर्वांत बोलकं उदाहरण बराक ओबामांच्या प्रचाराचं आहे. डिसेंबर २००७ मध्ये डॅन सिरोकर यांच्या चमूने त्यांच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर बटनावरचे चार मजकूर आणि सहा दृश्यं, म्हणजे तीन चित्रं आणि तीन व्हिडिओ, अशा २४ जोड्या एकाच वेळी चालवल्या. ३,१०,३८२ लोकांनी ते पान पाहिलं, म्हणजे प्रत्येक जोडीला जवळपास तेरा हजार. प्रचारातल्या लोकांना एक व्हिडिओ जिंकेल अशी खात्री होती, पण तिन्ही व्हिडिओ चित्रांपेक्षा मागे पडले. जिंकली ती ओबामांच्या कुटुंबाचं चित्र आणि ‘लर्न मोअर’ हे बटन अशी जोडी. जुन्या पानावर ८.२६ टक्के लोक नाव नोंदवत होते, नव्यावर ११.६ टक्के. हे वाचून आपल्याकडचा विपणन प्रमुख पहिल्याच महिन्यात मथळा, चित्र आणि बटन हे सगळं एकदम बदलून पाहू म्हणतो. त्याच्या २८० रोजच्या पाहुण्यांना २४ जोड्यांत वाटलं आणि प्रत्येक जोडीला ३,९०० माणसं द्यायची म्हटली तर अकरा महिने लागतील. ओबामांकडे गर्दी होती. शीळफाट्याच्या प्रकल्पाने एका वेळी एकच प्रश्न घ्यावा.

मथळ्याबद्दल इथे एक बंधन आहे आणि ते असायलाच हवं. रेरा कायद्यानुसार जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. या तीन गोष्टी दोन्ही आवृत्त्यांत सारख्याच ठळक ठेवायच्या. त्यांना खाली ढकलून पाहू, हा प्रयोगाचा विषय नाही. कायद्याचं बारावं कलम तर सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. त्यामुळे “स्टेशन पाच मिनिटांवर” असा मथळा क्लिक जास्त आणतो म्हणून तो जिंकला, असं म्हणायची सोय नाही. शीळफाट्याच्या कोंडीत ती पाच मिनिटं किती लांबतात हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खऱ्या मथळ्यांमधूनच निवड करायची: कार्पेट एरिया आधी, किंमत आधी की ताब्याची तारीख आधी.

बटनाच्या जागेचा प्रयोग सगळ्यात सहज जिंकता येतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. ‘किंमत कळवा’ असं बटन पडद्याच्या तळाशी कायम चिकटवलं की नंबर वाढणार, कारण अंगठा तिथेच असतो. मघाचंच उदाहरण पुढे नेऊ. जुन्या आवृत्तीत ३,९२० पैकी ७८ नंबर आले, नव्यात ११८. कागदावर घवघवीत यश. पण विक्रीच्या वहीत पाहिलं तर जुन्यातून १६ कुटुंबं साइट बघायला आली आणि नव्यातून १७. सोळा आणि सतरा यांतल्या फरकाला काही अर्थ नाही. उरलं एवढंच की चाळीस जादा लोकांना फोन केले गेले आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना घर बघायचंच नव्हतं. हे कळायला प्रत्येक नंबरासोबत आवृत्तीचं नाव वहीपर्यंत पोहोचलं पाहिजे. मी पाहिलेल्या कार्यालयांत बहुतेक ठिकाणी ते फॉर्मपाशीच हरवतं आणि मग विजेता फॉर्मच्या संख्येवर ठरतो.

रेकॉर्डिंगबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ही साधनं माणूस काय टाइप करतो तेही पकडू शकतात. २०१७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अशा स्क्रिप्ट लोकांनी चौकटीत भरलेला मजकूर, तो पाठवण्याआधीच, तिसऱ्या कंपनीकडे नेत होत्या. दिव्यातल्या एखाद्या भाडेकरूने नंबर अर्धा लिहिला, विचार बदलला आणि पुसला, तर तो नंबर आपल्याला मिळालेला नाही. तो रेकॉर्डिंगमधून उचलून फोन करणं म्हणजे चोरीच. चौकटीतला मजकूर झाकण्याची सोय या साधनांत असते. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी स्वतःच्या फोनवरून खोटा नंबर भरा, मग ते रेकॉर्डिंग उघडा आणि तिथे फक्त ठिपके दिसतात का ते पाहा.

घराचं पान चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात हीटमॅप बाजूला ठेवून फोनवरची वीस रेकॉर्डिंग बघा, आराखडा बोटाने मोठा होतो का ते तपासा आणि विक्रीच्या वहीत ‘आवृत्ती’ नावाचा एक रकाना वाढवा. बटनाची जागा त्यानंतर ठरवू.