नापास विद्यार्थ्याचे पास झालेले विषय कुठे जातात?

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत उत्तीर्णांची टक्केवारी आणि गुणवंतांचे फोटो येतात. वस्तीत काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांकडे मात्र दुसऱ्याच गुणपत्रिका येतात. सहापैकी तीन विषयांत पास, तीन विषयांत नापास आणि खाली एकच शेरा: अनुत्तीर्ण. पास झालेल्या तीन विषयांचे काय, हा प्रश्न त्या घरात फारसा कोणी विचारत नाही. पुरवणी परीक्षेतही जमले नाही, तर मुलगा गवंड्याच्या हाताखाली जातो आणि मुलीसाठी स्थळ बघायला सुरुवात होते.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचे शिक्षण मंडळ आहे. 1989 साली ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाले. नेहमीच्या मंडळात वर्ष हे मोजमाप असते. इथे विषय हे मोजमाप आहे. पास झालेला विषय खात्यात जमा राहतो आणि राहिलेला तेवढाच पुन्हा द्यायचा असतो. प्रवेश पाच वर्षे टिकतो आणि तेवढ्या काळात सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. प्रमाणपत्रासाठी पाच विषय लागतात. त्यात किमान एक भाषा हवी, दोनपेक्षा जास्त भाषा चालत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, वाशीम जिल्ह्यातल्या एका मुलीला राज्य मंडळाच्या दहावीत मराठीत 61, हिंदीत 47, सामाजिक शास्त्रांत 58, इंग्रजीत 22, गणितात 18 आणि विज्ञानात 24 गुण आहेत. तीन विषय राहिल्याने एटीकेटीवर अकरावीत जाण्याचा मार्ग बंद आहे, कारण ती सवलत दोन विषयांपर्यंतच आहे.

मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय एनआयओएसमध्ये वर्ग करता येतात. याला क्रेडिट हस्तांतरण म्हणतात. तो विषय एनआयओएसच्या यादीत असला पाहिजे आणि मागणी प्रवेशाच्या अर्जातच, गुणपत्रिका जोडून करावी लागते. या मुलीचे तीन विषय सुटले असले तरी वर्ग होतील दोनच. ती मराठी आणि सामाजिक शास्त्रे घेईल, म्हणजे 61 आणि 58 हे गुण नव्या गुणपत्रिकेत येतील. हिंदीचे 47 सोडून द्यावे लागतील. आता तिला पाचऐवजी तीनच विषयांची परीक्षा द्यायची आहे.

हे तीन विषय कोणते, इथेच बहुतेक चुका होतात. गणित आणि विज्ञानाची सक्ती नाही. गृहविज्ञान, चित्रकला, व्यवसाय अध्ययन असे विषय घेऊन दहावी पूर्ण करता येते, आणि प्रवेश करून देणारे एजंट हाच संच पुढे करतात. मुलगी पास होते, कला शाखेत अकरावीला जाते, सगळे खूश होतात. पण तिला इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करायचा असेल किंवा तंत्रनिकेतनात जायचे असेल, तर तिथे दहावीचे गणित आणि विज्ञान बघितले जाते. म्हणून आधी विचारायचा प्रश्न असा: दहावीनंतर कुठे जायचे आहे? तिथल्या प्रवेशाच्या अटी वाचायच्या आणि मगच विषय भरायचे.

या मुलीच्या मनात आयटीआय असेल तर विज्ञान, गणित आणि गृहविज्ञान असा संच धरता येईल. गणिताची भीती असेल तर पाच विषयांत विज्ञान, गृहविज्ञान आणि व्यवसाय अध्ययन घेऊन गणित सहावा, जादा विषय म्हणून ठेवता येते. पाचावर आणखी दोन विषय घेण्याची मुभा आहे. गणितात पुन्हा अपयश आले तरी बाकीच्या पाच विषयांवर प्रमाणपत्र मिळते आणि गणित पुढे देता येते. नापासाची भीती एका विषयापुरती उरते, बाकीच्या मेहनतीला धक्का लागत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. त्याशिवाय मागणीनुसार परीक्षा आहे. प्रवेश घेतानाच त्या प्रकारात नाव नोंदवायचे, मग उपलब्ध तारखांपैकी एक ऑनलाइन निवडायची, विषयवार शुल्क भरायचे आणि हॉलतिकीट काढायचे. तिन्ही पेपर एकदम देण्याची सक्ती नाही. आज विज्ञान आणि दोन महिन्यांनी गणित, असेही चालते.

इथे ठरलेल्या दिवशी सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका मिळत नाही. प्रश्नपेढीतून संगणक प्रत्येकासाठी वेगळा संच तयार करतो. आराखडा आणि काठिण्य सारखे, प्रश्न वेगळे. त्यामुळे शेजाऱ्याचे बघून काही उपयोग नाही आणि ‘पेपर आधी मिळवून देतो’ म्हणणारा माणूस सरळ खोटे बोलत असतो. पास होण्यासाठी 33 टक्के लागतात, आणि प्रात्यक्षिक असलेल्या विषयांत लेखी व प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे 33 टक्के हवेत. लेखी देऊन आलेली मुले प्रात्यक्षिक विसरतात आणि निकालाच्या दिवशी त्यांना कळते की विषय सुटलेलाच नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मागणीनुसार परीक्षेची केंद्रे मोजकी आहेत, प्रामुख्याने प्रादेशिक केंद्रांच्या ठिकाणी. महाराष्ट्रात प्रादेशिक केंद्र पुण्याला आहे. वाशीमच्या मुलीने तीन पेपर तीन वेगळ्या तारखांना दिले, तर तीन वेळा प्रवास, सोबत येणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी आणि मुक्काम. ही लवचीकता कागदावर सर्वांना सारखी असली तरी तिचा खर्च सारखा नाही. दूरच्या मुलांनी शक्य तेवढे पेपर लागोपाठच्या तारखांना घ्यावेत, किंवा हिशोब करून जवळच्या केंद्रावर सार्वजनिक परीक्षा द्यावी. दुसरे, दहावीला मराठी माध्यम आहे, पण मागणीनुसार परीक्षेत आपल्या विषयाला कोणते माध्यम मिळेल हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. तिसरे, ‘सहा महिन्यांत बारावी’ या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचे अंतर पूर्ण झाल्याशिवाय बारावीचे प्रमाणपत्र मिळत नाही, मग पेपर कितीही लवकर दिले तरी.

अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांनी तीन गोष्टी तपासल्या तरी फसवणूक बरीच थांबेल. मंडळ एनआयओएसच आहे की ‘ओपन बोर्ड’ असे मिळतेजुळते नाव लावलेली संस्था आहे? अर्जावर मोबाइल क्रमांक आणि ईमेल मुलीचा आहे की एजंटचा? एजंटचा असेल तर पासवर्ड, हॉलतिकीट, निकाल सगळे त्याच्या हातात जाते. आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना असलेली शुल्कसवलत जातीचा दाखला जोडून घेतली आहे, की पूर्ण शुल्क उकळले आहे?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुक्त विद्यालयांचा विस्तार करण्याचे म्हटले आहे. विस्तार म्हणजे केवळ प्रवेशाचे आकडे वाढवणे असेल, तर त्याचा फायदा एजंटांनाच होईल. प्रश्नपेढी आणि संगणकावरच ही परीक्षा उभी आहे, तर ती जिल्ह्याच्या ठिकाणी घेता येणार नाही असे मानण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. प्रत्येक जिल्ह्यात मागणीनुसार परीक्षेचे एक केंद्र आणि तिथे मराठीतली प्रश्नपत्रिका, एवढीच मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर अनुत्तीर्ण असा शेरा असलेली गुणपत्रिका घरात आली, तर आधी त्यातले पास झालेले विषय मोजा.